भाजीत मीठ नेमकं कधी घालावं? पाणी न घालता भाजी शिजण्यामागचं साधं गणित

कोबीची भाजी करताना पाण्याचा थेंबही घातला नाही, तरी झाकण काढल्यावर कढईत तळाशी पाणी साचलेलं दिसतं. हे पाणी आलं कुठून? कोबीतूनच. कोबीच्या वजनाचा 90 टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. म्हणजे अर्धा किलो कोबी चिरला की जवळपास साडेचारशे ग्रॅम पाणी तुम्ही कढईत टाकता, फक्त ते पेशींमध्ये बंद असतं.

ते बाहेर काढण्याचं काम दोन गोष्टी करतात. एक मीठ आणि दुसरी उष्णता. भाजीच्या चिरलेल्या कडांवर मीठ विरघळलं की बाहेर खारट द्रव तयार होतो आणि पेशींमधलं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. यालाच परासरण म्हणतात. काकडीच्या कोशिंबिरीला पाणी सुटतं ते याचमुळे. उष्णतेने पेशींची आवरणंच फुटतात, त्यामुळे मीठ अजिबात घातलं नाही तरी शिजताना पाणी सुटतंच. मीठ ते लवकर आणि एकदम सुटायला लावतं.

म्हणून खरा प्रश्न असा, की सुटलेल्या पाण्याची वाफ होण्याइतकी कढई तापलेली आहे का? असेल तर भाजी त्या वाफेवर शिजते. नसेल तर पाणी साचतं आणि भाजी परतली न जाता उकडली जाते.

अर्धा किलो कोबीचंच उदाहरण घेऊ. चिरून ठेवलेल्या कोबीला आधी मीठ चोळू नका. कोबीच्या पराठ्यासाठी ते ठीक, कारण तिथे पाणी पिळून टाकायचं असतं. भाजीसाठी पसरट कढईत दोन चमचे तेल तापवा, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि हळदीची फोडणी करा. दोन तास भिजवलेली मूठभर चणाडाळ घालून एक-दोन मिनिटं परता. मग कोबी घाला आणि मोठ्या आचेवर तीन मिनिटं झाकण न ठेवता परता. चरचर असा आवाज येत राहिला पाहिजे. कोबीला तेल लागलं, थोडी चकाकी आली आणि ढीग जरा खाली बसला की आता मीठ. एक लहान सपाट चमचा पुरतो. आच मध्यमपेक्षा कमी करून झाकण ठेवा, पाच-सहा मिनिटांत एकदा हलवा.

इथे कान उपयोगी पडतात. चरचर थांबून बुडबुड ऐकू आलं, तर पाणी साचतंय असं समजा. लगेच झाकण काढून आच वाढवा. डाळ बोटांनी चेपली गेली की भाजी झाली, शेवटची दोन मिनिटं उघडीच परता. कडेला तेल दिसू लागलं की गॅस बंद.

झाकणावर पाणी ठेवायची आपल्याकडची पद्धत मात्र कोबीसाठी नाही. ताटातल्या पाण्यामुळे झाकण थंड राहतं, वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होऊन खाली पडते. गवार, फरसबी, बटाट्याच्या काचऱ्या अशा सावकाश शिजणाऱ्या आणि कमी पाणी सोडणाऱ्या भाज्यांना याचा फायदा होतो. त्यांना मीठही सुरुवातीलाच घालावं, म्हणजे जे काही थोडं पाणी आहे ते लवकर सुटतं आणि मीठ आतपर्यंत मुरतं.

भेंडीचं उलट आहे. तिच्यातला चिकट द्रव पाण्यात मिसळला की तार सुटते. त्यामुळे भेंडी धुऊन, पुसून मग चिरायची, झाकण न ठेवता परतायची आणि तार नाहीशी झाल्यावरच मीठ घालायचं. मेथी-पालकातही मीठ उशिराच, पण कारण वेगळं. कढईभर पाला शिजून मूठभर होतो आणि आधीच्या अंदाजाने घातलेलं मीठ हमखास जास्त होतं.

आणि पाणी सुटलंच तर? झाकण ठेवून आणखी शिजवत बसलात तर भाजीचा लगदा होईल. मोठ्या आचेवर भाजी पसरवून पाणी आटवा. तरीही ओलसर राहिली तर दोन चमचे भाजलेलं बेसन किंवा दाण्याचं कूट पेरा. मुळात कढई लहान आणि भाजी जास्त असेल, तर मीठ कितीही वेळेवर घाला, वाफेला बाहेर पडायला वाट नसते आणि पाणी साचतंच. लग्नघरासारखी मोठी भाजी करायची असेल, तर ती दोन वेळा वेगवेगळी परतलेली बरी.