समरचना (यादीलेखनातील)

ठिपके किंवा क्रमांक देऊन केलेल्या यादीतील सर्व कलमे एकाच व्याकरणिक साच्यात बसवण्याची संपादकीय रीत. यादीच्या आधी येणारे अपुरे वाक्य, म्हणजे शीर्षवाक्य, प्रत्येक कलमाशी स्वतंत्रपणे जुळले पाहिजे, आणि सर्व कलमांचा शेवट एकाच जातीच्या रूपाने झाला पाहिजे, अशी तिची दुहेरी अट आहे. इंग्रजीत समरचना ओळीच्या आरंभी दिसते, कारण क्रियापद तेथे येते. मराठीत क्रियापद शेवटी असल्याने ती ओळीच्या अखेरीस तपासावी लागते. इंग्रजी मसुद्यावरून केलेल्या मराठी याद्या अनेकदा विसकटतात, त्यामागे हा फरक असतो.

मराठी सूचनांमध्ये चार साचे सर्रास आढळतात : आज्ञार्थ (भरा), विध्यर्थ (भरावे), ‘-णे’ रूप (भरणे) आणि नुसते नाम (भरणा). चारही शुद्ध आहेत. दोष मिसळीत आहे. पाककृती आज्ञार्थात किंवा विध्यर्थात लिहितात, कामांच्या नोंदींत ‘-णे’ चालते. ‘-णे’ रूपाची अडचण अशी, की कर्ता गळतो आणि काम कोणाचे हे शीर्षवाक्यालाच सांगावे लागते.

उदाहरण. गृहनिर्माण संस्थेच्या फलकावरील एक नमुना सूचना :

सदनिकाधारकांनी
• टाकी भरताच मोटर बंद करावी.
• गळके नळ दुरुस्त करून घ्या.
• पाणीपट्टी १० तारखेपूर्वी भरणे.
• पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई आहे.
• टँकर आल्यावर पहारेकऱ्याकडून कळवले जाईल.
• पाणी : सकाळी ६ ते ८.

पहिले कलम शीर्षवाक्याशी जुळते, म्हणून विध्यर्थ हाच साचा धरणे सोयीचे. दुसरे कलम ‘दुरुस्त करून घ्यावेत’ आणि तिसरे ‘भरावी’ असे होते. चौथ्याचे ‘गाड्या धुऊ नयेत’ होते. मात्र ‘मनाई आहे’ यातला कडकपणा थोडा उतरतो. दंड आकारायचा असेल तर संपादकाने तो वेगळ्या वाक्यात सांगावा. क्रियापदावर त्याचा भार टाकू नये. निषेधाची कलमे विधींच्या यादीत ठेवावीत की त्यांची निराळी यादी करावी, याबाबत एकमत नाही.

शेवटची दोन कलमे मात्र कोणत्याही साच्यात बसत नाहीत, कारण ती सदनिकाधारकांची कामे नाहीतच. एक पहारेकऱ्याचे काम आहे, दुसरी निव्वळ माहिती. त्यांची क्रियापदे ओढूनताणून बदलण्यापेक्षा ती यादीबाहेर काढून वर लिहावीत : ‘पाणी सकाळी ६ ते ८ या वेळेत येईल. टँकर आल्यास पहारेकरी कळवील.’ व्याकरणाची मिसळ ही पुष्कळदा विषयांच्या मिसळीची खूण असते, आणि पुनर्लेखनाचा खरा लाभ तेथे होतो.

दुरुस्त यादीत ‘करावी, घ्यावेत, भरावी, नयेत’ असे शेवट येतात. ही समरचना भंगलेली नाही. विध्यर्थी रूप येथे कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. सर्वत्र ‘करावे’ ठोकून एकसारखेपणा आणणे ही नवशिक्या संपादकाची ठरलेली चूक होय. याउलट ‘सदनिकाधारकांनी… नुकसानीस जबाबदार राहतील’ असे कलम शिरले, तर बिघाड खरा असतो, कारण ‘राहतील’ला ‘सदनिकाधारक’ असा प्रथमेतला कर्ता हवा. यासाठी शीर्षवाक्य दर वेळी नव्याने उच्चारून त्याला एकेक कलम जोडून वाचतात.

कायद्यातील प्रसिद्ध उदाहरण भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क चे आहे. ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) त्यात दहा मूलभूत कर्तव्ये आली. इंग्रजी पाठात ही दहाही कलमे ‘टू’ने सुरू होणाऱ्या क्रियारूपाने उघडतात. ८६व्या घटनादुरुस्तीने (२००२) अकरावे कलम जोडले. ते सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याविषयी आहे आणि ‘जो पालक आहे’ अशा अर्थाच्या संबंधी उपवाक्याने उघडते. शीर्षवाक्यातील ‘प्रत्येक नागरिक’ या पदाला ते जुळते, म्हणून वाक्य मोडत नाही. शेजारच्या दहा कलमांशी मात्र त्याचे रूप जुळत नाही. कारण उघड आहे : हे कर्तव्य सर्व नागरिकांचे नसून काहींचेच आहे, आणि ती अट कलमाच्या तोंडाशी आली. तीच अट क्रियारूपाच्या पुढे नेली असती, तर अर्थ न बदलता रांग सरळ राहिली असती. अधिनियमित मजकुरात असा फेर संपादक करू शकत नाही. त्याला दुरुस्तीच लागते.

कायद्याच्या यादीत उपान्त्य कलमापुढचे ‘आणि’ किंवा ‘किंवा’ साच्याचा भाग मानत नाहीत, पण पुनर्लेखनात ते हलवू नये. सर्व अटी लागू की कोणतीही एक, हे त्यावर ठरते.

इंग्रजी लेखनशिक्षणात समरचनेचा नियम विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८ च्या पुस्तिकेतही आहे.