टाकलखेड्याचा ओळंबा : विषम घनतेच्या घनाचा वस्तुमानमध्य व निरूढी-परिबल

अमरावती आणि अचलपूर यांच्या दरम्यान, पूर्णेच्या सपाट काळ्या खोऱ्यात, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे एक ठाणे होते. सर्वेक्षणाच्या कागदपत्रांत त्याचे नाव ‘टाकल खेडा’ असे येते आणि त्याचे वेधसिद्ध अक्षांश २१ अंश ५ कला ५१.५ विकला असे नोंदले आहेत. मुलूख तेव्हा निजामाच्या अंमलाखाली होता. कन्याकुमारीजवळून उत्तरेकडे नेलेल्या याम्योत्तर चापाचे हे वऱ्हाडातील ठाणे. दक्षिणेस बिदरच्या बाजूला दामरगिडा (१८ अंश ३ कला १५ विकला) आणि उत्तरेस माळव्यात सिरोंजजवळ कल्याणपूर (२४ अंश ७ कला ११ विकला), अशी त्याची दोन शेजारी ठाणी. विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ हे काम आरंभिले व १८२३ च्या जानेवारीत तो हिंगणघाट येथे मरण पावला. पुढील भार जॉर्ज एव्हरेस्ट याच्यावर आला. एव्हरेस्टचा पहिला ग्रंथ १८३० साली प्रसिद्ध झाला. त्यात मोजलेला चाप दामरगिड्यापासून कल्याणपुरापर्यंतचा आहे, आणि मधल्या टाकलखेड्याविषयी त्याच्या मनात एक शंका होती. ठाण्याच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर उभे आहेत. त्यांच्या आकर्षणाने ओळंबा खऱ्या लंबदिशेपासून ढळत तर नसेल?

शंका क्षुल्लक नव्हती. अक्षांशाचा वेध खमध्यापासून घ्यावयाचा आणि खमध्य ठरतो तो ओळंब्यावरून. ओळंबा उत्तरेकडे ओढला गेला की त्याच्यावरून ठरलेला खमध्य दक्षिणेकडे सरकतो व वेधाने मिळणारा अक्षांश वाजवीपेक्षा कमी येतो. त्यामुळे दामरगिडा–टाकलखेडा हा चाप अंशांत तोकडा आणि टाकलखेडा–कल्याणपूर हा चाप तेवढाच लांब दिसेल. एका विकलेची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. पृथ्वीचे चपटेपण अशाच लगतच्या चापांच्या तुलनेतून काढावयाचे असल्याने, डोंगर किती ओढतो हे गणिताने ठरविणे प्राप्तच होते.

हे गणित मूलतः तिहेरी समाकलाचे आहे. डोंगराच्या प्रत्येक सूक्ष्म खंडाचे वस्तुमान ρ dx dy dz ; त्याचे ठाण्यावरील आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात; आणि त्यातील उत्तर दिशेच्या घटकाची सर्व खंडांवर बेरीज. परंतु डोंगराचा आकार व घनता कोणत्याही सोप्या सूत्रात बसत नाहीत. म्हणून गणक नेहमी एका सोयीच्या वाटेने जातो : सर्व वस्तुमान वस्तुमानमध्यी एकवटले आहे असे मानावयाचे. ही सोय कुठपर्यंत रास्त आणि ती कुठे फसते, हे निरूढी-परिबल सांगते.

प्रश्न आकड्यांत पाहण्यासाठी डोंगराचे एक कामचलाऊ प्रतिरूप घेता येईल. ते सर्वेक्षणाच्या मोजणीतून घेतलेले नाही. केवळ प्रमाण लक्षात यावे एवढाच हेतू आहे. ठाण्याच्या उत्तरेस २५ किलोमीटरवर डोंगराचा दक्षिण कडा सुरू होतो असे मानू. तेथून उत्तरेकडे ३० किलोमीटर रुंद, पूर्व-पश्चिम ६० किलोमीटर लांब व ०.६ किलोमीटर उंच असा ठोकळा. गाविलगडचा कडा दक्षिणेस उभा आहे आणि उत्तरेस डोंगर दऱ्याखोऱ्यांनी कापला जात तापीकडे उतरतो. म्हणून ठोकळ्याच्या पोकळ्याही हिशेबात धरून सरासरी घनता दक्षिण कड्याशी २.७ आणि उत्तर टोकाशी ०.९ अशी सरळ रेषेत घटते असे मानू. कड्यापासूनचे अंतर किलोमीटरांत u म्हटल्यास

ρ = 2.7 (1 − u/45)

घनता येथे y व z यांवर अवलंबून नाही, म्हणून तिहेरी समाकलातील दोन समाकल तत्काळ सुटतात आणि u वरील एकच उरतो. पहिला समाकल ∫ρ du = 54 ; त्यावरून सरासरी घनता १.८ आणि १०८० घन किलोमीटरांच्या ठोकळ्याचे वस्तुमान सुमारे १.९४ × १०^१५ किलोग्रॅम. दुसरा, ∫uρ du = 675 ; त्याला ५४ ने भागता वस्तुमानमध्य कड्यापासून १२.५ किलोमीटरवर येतो. घनता सम असती तर तो १५ वर आला असता. तिसरा, ∫u²ρ du = 12150 ; भागाकार २२५, आणि त्यातून १२.५ चा वर्ग वजा करता वस्तुमानमध्याभोवतीचा उत्तर-दक्षिण प्रसार ६८.७५ वर्ग किलोमीटर. पूर्व-पश्चिम प्रसार ६० चा वर्ग भागिले १२, म्हणजे ३००. उभा प्रसार ०.०३, जवळजवळ शून्यच.

या तीन प्रसारांतूनच तिन्ही निरूढी-परिबले तयार होतात, कारण कोणत्याही अक्षाभोवतीचे परिबल हे उरलेल्या दोन दिशांच्या प्रसारांची बेरीज गुणिले वस्तुमान एवढे असते. उत्तर-दक्षिण अक्षाभोवती ३००.०३ M, पूर्व-पश्चिम अक्षाभोवती ६८.७८ M आणि उभ्या अक्षाभोवती ३६८.७५ M. डब्लिनचे जेम्स मॅक्कुला (१८०९–१८४७) यांच्या व्याख्यानांतून, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले एक सूत्र या ठिकाणी उपयोगी पडते. वस्तुमानमध्यापासून D अंतरावरील बिंदूचे विभव असे :

V = GM/D + G (A + B + C − 3I) / (2D³) + …

यात A, B, C ही मुख्य परिबले आणि I हे वस्तुमानमध्य व तो बिंदू यांना जोडणाऱ्या रेषेभोवतीचे परिबल. पहिल्या व दुसऱ्या पदांच्या मध्ये D² चे पद नाही, ही यातील महत्त्वाची गोष्ट. अंतर वस्तुमानमध्यापासून मोजल्यामुळेच ते नाहीसे झाले आहे. वस्तुमानमध्य चुकीचा घेतला की ते पद परत येते व परिबलाच्या पदाहून मोठी चूक करू शकते.

आता आकडे भरावे. D = ३७.५ किलोमीटर. सर्व वस्तुमान मध्यबिंदूत मानले तर ओळंब्याचा ढळ १.९४ विकला येतो. परिबलाचे पद उणे आहे, कारण डोंगर ठाण्याकडे तोंड करून आडवा पसरला आहे व त्याची दोन्ही टोके तिरकस दिशेने ओढतात. या पदाने १७ टक्के वजाबाकी होते व ढळ १.६१ विकला उरतो. ठोकळ्याचे आकर्षण थेट समाकलानेही काढता येते; त्याचे उत्तर १.६६ विकला. शेवटचा ०.०५ विकलांचा फरक मालिकेच्या पुढील पदांचा आहे.

हेच गणित सम घनता धरून केले तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. वस्तुमान तेच, पण मध्य १५ वर व D चाळीस. पहिले पद १.७१ विकला देते. हा आकडा खऱ्या १.६६ च्या फार जवळ आहे आणि घाईचा गणक येथेच थांबून समाधान मानील. परंतु परिबलाचे पद मिळविले की तो १.४७ वर घसरतो. म्हणजे आधीचा जुळता आकडा दोन चुकांनी एकमेकींस झाकल्यामुळे आला होता : मध्य दूर मानल्याने आकर्षण कमी झाले, आणि प्रसार सोडल्याने तेवढेच वाढले. पुढचे पद मिळविल्यावर उत्तर सुधारण्याऐवजी बिघडले, तर पहिल्या पदातील वस्तुमानमध्य तपासावा, ही खूण यातून मिळते. पद्धतीला एक मर्यादाही आहे. वस्तुमानमध्यापासून ठोकळ्याचा सर्वांत दूरचा कोपरा ३४.७ किलोमीटरवर आहे आणि ठाणे ३७.५ वर; म्हणून मालिका जेमतेम अभिसारी राहते. डोंगर ६० ऐवजी ८० किलोमीटर लांब मानला तर कोपरा ठाण्याहून दूर पडतो व मालिकेवर विसंबता येत नाही. तेव्हा डोंगराचे लहान तुकडे करून प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब करावा लागतो.

तुकड्यांची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली ती कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी. उत्तरेकडील कल्याणा आणि कल्याणपूर या ठाण्यांमधील चापात वेध व त्रिकोणमापन यांत ५.२३६ विकलांची तफावत निघाली होती. प्रॅट यांनी १८५५ साली हिमालय व त्यापलीकडील पठार यांचे खंड पाडून दोन्ही ठाण्यांवरील आकर्षण मोजले; दोहोंतील फरक आला १५.८८५ विकला, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट. समाकलनात दोष नव्हता. दोष होता तो ρ च्या क्षेत्रात : दृश्य डोंगराची घनता घेतली होती, त्याच्या खालच्या जमिनीची नव्हे. त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी आणि १८५९ साली स्वतः प्रॅट यांनी, निरनिराळ्या रीतींनी, डोंगराखाली वस्तुमानाची तूट असल्याचे प्रतिपादन केले.

टाकलखेड्यास हे दुहेरी लागू पडते. गाविलगडचे डोंगर दख्खनी बेसाल्टचे, तर पायथ्याच्या भ्रंशाच्या दक्षिणेस अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात शेकडो मीटर जाडीचा, बेसाल्टहून बराच हलका गाळ साठला आहे. ओळंबा या गाळावरच टांगला होता. म्हणून समाकलात ρ ऐवजी आसपासच्या खडकाशी असलेला घनतेचा फरक घ्यावा लागतो, आणि हा फरक डोंगरात धन, तर गाळात व डोंगराच्या मुळाशी ऋण. धन व ऋण वस्तुमाने नेमकी समान झाली तर एकूण वस्तुमान शून्य होते, आणि वस्तुमानमध्याच्या सूत्रात छेदस्थानी शून्य येते. अशा रचनेला वस्तुमानमध्यच नसतो. विभवातील पहिले पद लोपते व आधी नाहीसे केलेले D² चे पद आता प्रमुख ठरते. दूरच्या डोंगराचे आकर्षण अपेक्षेपेक्षा त्वरेने का क्षीण होते, याचे उत्तर या एका पदात आहे.

उलट दिशेने मात्र वाट बंद आहे. ओळंब्याच्या ढळावरून वस्तुमान, मध्य व परिबले यांविषयी काही सांगता येईल, पण त्यांवरून ρ ठरत नाही. तीच परिबले देणाऱ्या घनता असंख्य असतात. संपूर्ण पृथ्वीविषयीही हेच खरे. तिचे परिबल ०.३३०७ MR² आहे. सम घनतेच्या गोलाचे ते ०.४ MR² असते. एवढ्या फरकावरून पृथ्वीचा गाभा जड आहे हे निश्चित होते, पण तो कोठे सुरू होतो हे भूकंपलहरींनीच सांगावे लागले. टाकलखेड्याच्या ओळंब्याने एव्हरेस्टला डोंगराचा संशय दिला. त्या डोंगराखाली व ओळंब्याच्या पायाखाली काय आहे, हे त्या ओळंब्याला सांगता येण्याजोगे नव्हते.