डेटा डिक्शनरी

डेटा डिक्शनरी : तक्त्यातील प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, मोजण्याची पद्धत आणि रिकाम्या जागेचा अर्थ सांगणारी नोंद. स्तंभाच्या नावावरून एवढे कळत नाही. पावसाच्या तक्त्यातील `rain_mm` हा स्तंभ घ्या. एकक नावातच आहे, तरी मुख्य प्रश्न उरतो: तारीख कोणती? भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला आधीच्या 24 तासांचा पाऊस मोजतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला झालेला 944 मिमी पाऊस 27 जुलैच्या सकाळी संपलेल्या 24 तासांचा आहे. मोजणीची तारीख लिहिणाऱ्या तक्त्यात तो 27 तारखेपुढे येतो. हे न कळता मध्यरात्री दिवस बदलणारा समुद्राच्या भरतीचा किंवा रुग्णालयाचा तक्ता त्याला जोडला, तर सगळे एक दिवस सरकते आणि चूक सहज दिसत नाही. एखाद्या गाजलेल्या पावसाची तारीख ताडून पाहिली की ही चूक पकडता येते. म्हणून नोंद अशी हवी:

```
rain_mm: मागील 24 तासांचा पाऊस, मिमी
date: मोजणीची तारीख, 08:30 IST
0: पाऊस नाही
-999: मोजणी झाली नाही
```

शेवटची ओळ सर्वांत जास्त विसरली जाते. -999 बेरजेत गेला तर महिन्याचा पाऊस बहुधा उणे निघतो, ते लगेच लक्षात येते. पण न मोजलेल्या दिवशी 0 भरला, तर कोरडा दिवस आणि बंद पडलेले पर्जन्यमापक यांतला फरक कायमचा पुसला जातो. पर्जन्यमापक हलवले किंवा बदलले, तर ती तारीखही नोंदीत लिहावी.