ऑक्सिजन-हिमोग्लोबिन वक्राचे सरकणे

ऑक्सिजन-हिमोग्लोबिन वक्र : रक्तातील ऑक्सिजनच्या दाबानुसार किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले असते, हे दाखवणारा आलेख. निम्मे हिमोग्लोबिन ज्या दाबाला भरते त्याला ‘पी-५०’ म्हणतात. निरोगी प्रौढात तो सुमारे २७ मिमी पारा असतो. रक्ताची आम्लता, कार्बन डायऑक्साइड, तापमान किंवा लाल पेशींतील डीपीजी हा फॉस्फेटयुक्त पदार्थ वाढला, की पी-५० वाढतो. वक्र उजवीकडे सरकतो आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते. हे घटक घटले की वक्र डावीकडे जातो. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम क्रिस्टियान बोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये दाखवला.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या घटकांचा वेग सारखा नसतो. आम्लतेचा परिणाम तत्काळ होतो, डीपीजी मात्र बदलायला तास, कधी दिवस लागतात. मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये ही तफावत स्पष्ट दिसते. आम्लतेमुळे वक्र उजवीकडे सरकतो. पण तीच आम्लता डीपीजीची निर्मिती मंदावते आणि वक्र पुन्हा डावीकडे ओढला जातो. काही काळाने दोन्ही ओढी जवळपास बरोबरीत येतात. अशा वेळी सोडिबायकार्ब देऊन पीएच झपाट्याने वाढवला, तर उजवी ओढ संपते आणि डीपीजीची कमतरता तेवढी उरते.

समजा, पी-५० त्यामुळे २० वर आला. नेहमीच्या स्थितीत ऊतींतून परतणाऱ्या रक्तात दाब ४० आणि संपृक्तता ७५ टक्क्यांच्या आसपास असते. आता त्याच ४० दाबाला सुमारे ८७ टक्के हिमोग्लोबिन भरलेलेच राहते, म्हणजे ऊतींना मिळणारा ऑक्सिजन जवळजवळ निम्मा होतो. पूर्वीइतका ऑक्सिजन काढायचा, तर दाब ३० पर्यंत उतरावा लागतो किंवा हृदयाला रक्तप्रवाह वाढवावा लागतो. निरोगी हृदय ते निभावते. निर्जलीकरण किंवा हृदयविकार असेल तर मुश्कील. म्हणूनच पीएच ७.० च्या वर असताना सोडिबायकार्ब सहसा टाळतात. इन्सुलिन व सलाइनने आम्लता सावकाश उतरते, डीपीजीला सावरायला वेळ मिळतो. रक्तातील फॉस्फेट फार घटले असेल, तर हे सावरणेही लांबते.

बोटावरचा ऑक्सिमीटर यातले काही सांगत नाही. तो धमनीतील संपृक्तता मोजतो आणि ती ९८ टक्केच दिसते. संशय घ्यायचा तो लॅक्टेट वाढत गेल्यावर. पण लॅक्टेट इतर कारणांनीही वाढते, त्यामुळे तो पुरावा नव्हे. रक्तवायू तपासणीच्या काही यंत्रांवर छापून येणारा पी-५० बहुधा गणिताने काढलेला असतो. धमनीच्या नमुन्यात संपृक्तता ९७ टक्क्यांच्या वर असेल, तर त्यावर फारसा विसंबू नये.

उजवीकडे सरकणे मात्र नेहमीच हिताचे नसते. न्यूमोनियात धमनीतील दाब ५० पर्यंत उतरला असताना पी-५० २७ वरून ३१ झाला, तर संपृक्तता ८४ वरून ७८ टक्क्यांवर येते. ऊतींत सोडणे सोपे झाले तरी फुप्फुसातच कमी भरलेले असते, आणि मिळणारा फायदा बराचसा तिथेच जिरतो.