वर्ज्ययादी (जाहिरातींची)
ज्या संकेतस्थळांवर आपली जाहिरात दिसू नये असे जाहिरातदाराला वाटते, त्यांची यादी. व्यवहारात तिला ब्लॉकलिस्ट किंवा एक्सक्लूजन लिस्ट म्हणतात. हिच्या उलट मान्ययादी. तीत नाव असलेल्या स्थळांवरच जाहिरात जाते. नाव खराब होऊ नये (ब्रँड सेफ्टी) हा यादीचा मूळ हेतू.

यादीमुळे जाहिरात कमी लोकांपर्यंत पोहोचते का, या प्रश्नात जेपी मॉर्गन चेस बँकेचे उदाहरण नेहमी निघते. तिच्या जाहिराती महिन्याला सुमारे ४,००,००० स्थळांवर झळकत. त्यांतली एक ‘हिलरी फॉर प्रिझन’ नावाच्या स्थळावर सापडल्यावर, मार्च २०१७मध्ये बँकेने हिशेब काढला. नुसते दिसण्यापलीकडे क्लिकसारखे काही जेमतेम १२,००० स्थळांवर घडले होते. ती एका शिकाऊ कर्मचाऱ्याने एकेक उघडून पाहिली आणि सुमारे ५,००० मान्ययादीत ठेवली. जाहिरातींच्या खर्चात आणि दृश्यतेत फारसा फरक पडला नाही. त्याचे एक संभाव्य कारण: एकच माणूस दिवसाकाठी अनेक स्थळे पाहतो, एका ठिकाणी चुकला तरी दुसरीकडे भेटतो. म्हणून किती वेळा दिसली याऐवजी किती वेगळ्या माणसांना दिसली, हे मोजावे.

मात्र ही तुलना आधीची आणि नंतरची होती. मधल्या काळात हंगाम, बोली, मजकूर काहीही बदललेले असू शकते. खात्रीची रीत म्हणजे प्रेक्षकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, सारख्या रकमेत, एकाच वेळी, फक्त एकाला यादी लावणे.

समजा, गृहकर्जाच्या जाहिरातीवर प्रत्येक गटात १,००,००० रुपये घातले. यादीविना ५०० अर्ज आले, ४० कर्जे मंजूर झाली. यादीसह अर्ज ३८०, कर्जे ४४. अर्ज २०० रुपयांवरून सुमारे २६३ वर गेला; तेवढेच पाहणारा यादी त्याच दिवशी काढून टाकील. पण मंजूर कर्ज २,५०० वरून सुमारे २,२७३ रुपयांवर उतरले. यादीविना गटात वर्ज्य स्थळांवरून आलेल्या अर्जांचे फोन लावून पाहिले, तर लागत नसलेले क्रमांक आणि ‘मी कुठे अर्ज केला?’ असे विचारणारे पुष्कळ निघू शकतात.

तरी ‘दर्जा सुधारला’ असे इथे म्हणता येत नाही. ५०० आणि ३८० यांतली तफावत योगायोगाची नव्हे. ४० आणि ४४ यांतली मात्र सहज योगायोगाची असू शकते. या चाचणीतून एवढेच ठरते की यादीने अर्ज घटवले आणि कर्जे घटल्याचे दिसले नाही. पुढचे बोलायला शेकड्यांनी कर्जे हवीत, आणि मंजुरीला आठवडे लागतात.

श्रेय देण्याची पद्धतही फसवते. जाहिरात नुसती दिसली तरी विक्रीचे श्रेय मिळत असेल, तर पानाच्या तळाशी दहा जाहिराती कोंबणारे स्वस्त स्थळ उत्तम ठरते. कारण ग्राहक तसाही येणारच होता. असे स्थळ बंद केल्यावर अहवालातली रूपांतरे पडतात, गल्ल्यातली रक्कम तेवढीच राहते.

शब्दांवरून अडवण्याचा प्रकार वेगळा. २०२०मध्ये ‘कोरोनाव्हायरस’ शब्द अडवल्याने प्रतिष्ठित वृत्तपत्रांची पानेही जाहिरातींना मुकली.