डांबरगोळ्यांना नैसर्गिक पर्याय

साठवणीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पाला, वेखंड आणि कडक ऊन वापरण्याची पद्धत वऱ्हाडातील अमरावती, अकोला या भागांत सोयीची ठरते. डांबरगोळी नॅफ्थॅलीनची असते. तिची वाफ कपड्यांत मुरते. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला असे कपडे किंवा गोधडी वापरल्यास रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून बाळंतविड्याच्या कपड्यांत या गोळ्या ठेवू नयेत.

कीड ओळखणे

चंदेरी रंगाची, पंख नसलेली कसर खळ केलेले सुती कपडे व कागद कुरतडते. तिला दमट जागा मानवते. कपड्यांच्या पतंगाची अळी मात्र लोकर व रेशीम खाते. सुती कापडाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसत असेल, तर कसरीचा संशय घ्यावा. लोकरीत भोके आणि रेशमी जाळी दिसल्यास अळीचा.

वऱ्हाडातील पद्धत

मे महिन्यात अकोल्याचे तापमान अनेकदा ४४ अंश सेल्सिअसपुढे जाते व हवा कोरडी असते. लोखंडी पेटी भरण्यास हाच काळ उत्तम. लोकरी कपडे व गोधड्या आधी धुवाव्यात, कारण घामाचे व अन्नाचे डाग अळीला आकर्षित करतात. मग त्या भर दुपारी उन्हात पसराव्यात, उलटवाव्यात आणि शिवणी ब्रशने झाडाव्यात. रेशमी व गडद रंगाचे कपडे सावलीतच वाळवावेत, नाहीतर रंग उडतो. सुती कपडे खळ न करता ठेवावेत. सर्व कपडे निवल्यावरच घड्या घालाव्यात.

कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवून पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधावा. ओला पाला पेटीत दमटपणा आणतो व कपड्यांवर डाग पाडतो. वेखंडाचे कुटलेले तुकडे वेगळ्या पुरचुंडीत घ्यावेत. वास गेला की पुरचुंडी बदलावी. पेटी भिंतीपासून दूर, विटांवर ठेवावी.

मर्यादा

या वनस्पतींचा वास किडीला दूर ठेवण्यास मदत करतो. आत शिरलेली अळी किंवा अंडी त्याने मरतीलच असे नाही. म्हणून पावसाळ्यात उघडीप मिळताच पेटी तपासावी. कुबट वास आल्यास दमटपणाचे कारण शोधावे, कारण पाला बुरशी थांबवत नाही. अळी दिसल्यास कपडा घट्ट पिशवीत बांधून उणे १८ अंशाच्या फ्रीजरमध्ये किमान एक आठवडा ठेवावा. ऑक्टोबरच्या उन्हात सर्व कपड्यांना पुन्हा एकदा ऊन द्यावे.

कापूरही वनस्पतिजन्य असला, तरी गिळल्यास तो विषारी ठरतो. वेखंडही मुलांच्या हाती लागू देऊ नये.