४५ टक्के म्हणजे कट-ऑफ नव्हे! प्रवेशपात्रतेचा परिच्छेद स्पष्ट कसा लिहायचा?

खारघर हा नवी मुंबईतला कॉलेजांचा भाग. इथे मुंबई विद्यापीठाशी संलग्न खासगी अभियांत्रिकी कॉलेजं आहेत, फॅशनचं शिक्षण देणारी निफ्ट ही केंद्रीय संस्थाही आहे. बारावीचा निकाल लागला की या कॉलेजांची माहितीपत्रकं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. त्यातला प्रवेशपात्रतेचा परिच्छेद सगळ्यात जास्त वाचला जातो आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तोच करून देतो. तो परिच्छेद कुठे फसतो आणि नीट कसा लिहायचा, हे प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या उदाहरणातून पाहू.

नेहमी दिसतो तो परिच्छेद

खालचा मजकूर कोणत्याही एका कॉलेजचा नाही. माहितीपत्रकांत ज्या धर्तीची भाषा असते, तिचा हा नमुना आहे.

> "उमेदवार बारावी विज्ञान परीक्षा किमान ४५ टक्के (मागासवर्गीयांस ४० टक्के) गुणांसह उत्तीर्ण असावा व त्याने सीईटी दिलेली असावी. प्रवेश गुणवत्तेनुसार देण्यात येतील व शासन नियमानुसार आरक्षण लागू राहील. गतवर्षीचा कट-ऑफ संकेतस्थळावर उपलब्ध आहे. सर्व मूळ कागदपत्रे विहित मुदतीत सादर करणे बंधनकारक आहे. अंतिम निर्णय महाविद्यालयाचा राहील."

वाचताना यात काही खटकत नाही. पण ४५ टक्के नेमके कशाचे? आरक्षण किती जागांवर? कोणता कागद, कोणत्या दिवशी, आणि तो नसेल तर काय होतं? या प्रश्नांची उत्तरं इथे सापडत नाहीत.

पहिला घोळ: पात्रता आणि कट-ऑफ

पात्रता म्हणजे रांगेत उभं राहण्याची परवानगी. ती आधीच ठरलेली असते. कट-ऑफ म्हणजे त्या रांगेत प्रवेश मिळालेला शेवटचा विद्यार्थी. तो फेरी संपल्यावरच कळतो आणि कॉलेज तो ठरवत नाही.

पात्रतेचे ४५ टक्के बारावीच्या एकूण निकालाचे नसतात. भौतिकशास्त्र, गणित आणि नियमांतल्या यादीतला तिसरा विषय (बहुतेकांचा रसायनशास्त्र) या तिघांची बेरीज करून ते काढतात. प्रत्येक विषयात वेगळे ४५ लागत नाहीत. एखाद्याला भौतिकशास्त्रात ५२, गणितात ३८ आणि रसायनशास्त्रात ४९ गुण आहेत, म्हणजे ३०० पैकी १३९. हे ४६.३३ टक्के होतात. गणितात ३८ असूनही तो खुल्या वर्गातून पात्र आहे. उलट इंग्रजी आणि जीवशास्त्राच्या जोरावर एकूण ६० टक्के मिळवणाऱ्या मुलीला या तीन विषयांत १२६ गुण असतील, तर तिचे इथले टक्के फक्त ४२. खुल्या वर्गातून ती पात्र नाही.

कट-ऑफ मात्र टक्क्यांत नसतो, एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये असतो. ८२ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ८२ गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के विद्यार्थी त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून "४५ टक्के" आणि "कट-ऑफ" हे शब्द एकाच परिच्छेदात शेजारी ठेवले की वाचणारा दोन्ही एकाच मापाने मोजतो.

शिवाय "गतवर्षीचा कट-ऑफ" असा एकच आकडा नसतो. सीईटी सेलच्या यादीत शाखा, फेरी आणि वर्ग यांनुसार वेगवेगळे आकडे असतात. तिथे `GOBCS`, `LOPENH` असे संकेत दिसतात. पहिलं अक्षर `G` म्हणजे सर्वसाधारण, `L` म्हणजे मुलींसाठीची जागा. मधला भाग प्रवर्ग सांगतो. शेवटचं अक्षर `H` असेल तर गृह विद्यापीठ, `O` असेल तर गृह विद्यापीठाबाहेरचे विद्यार्थी, `S` असेल तर राज्यस्तरीय जागा. हे सगळे तपशील सोबत नसतील तर कट-ऑफचा आकडा छापूच नये.

दुसरा घोळ: "शासन नियमानुसार आरक्षण"

हे शब्द दोन वेगळ्या सवलती एकत्र गुंडाळतात. एक सवलत पात्रतेत असते: महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ ऐवजी ४० टक्के पुरतात. दुसरी सवलत जागांमध्ये असते: काही जागा त्या त्या प्रवर्गासाठी राखीव असतात. परिच्छेदात दोन्ही स्वतंत्र वाक्यांत यायला हव्यात.

जागांच्या बाबतीत खरा प्रश्न "किती टक्के" हा नसून "कशाचे टक्के" हा असतो. खासगी विनाअनुदानित कॉलेजात एका शाखेच्या ६० जागा असतील, तर साधारणपणे ८० टक्के म्हणजे ४८ जागा कॅप या केंद्रीभूत प्रक्रियेतून भरल्या जातात आणि उरलेल्या १२ संस्थास्तरावर. सामाजिक आरक्षणाची टक्केवारी पूर्ण ६० वर नव्हे, तर कॅपमधल्या महाराष्ट्रासाठीच्या जागांवर काढतात. त्यामुळे "५० टक्के आरक्षण" वाचून ३० जागा राखीव आहेत असं मानणारा चुकतो. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात वाटणी आणखी वेगळी असते. म्हणून टक्क्यांऐवजी शाखेनुसार प्रत्यक्ष जागांचा तक्ता देणं चांगलं.

खारघरमध्ये आणखी एक अडचण आहे. "ओबीसी" या शब्दाचा अर्थ इथे कॉलेज बदललं की बदलतो. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत राज्याची यादी चालते; तिथे ओबीसींना १९ टक्के जागा असतात, तर विमुक्त जाती आणि भटक्या जमाती वेगळ्या मोजल्या जातात. निफ्टसारख्या केंद्रीय संस्थेत केंद्राची यादी चालते. तिथे ओबीसींना २७ टक्के जागा असतात आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. त्यामुळे माहितीपत्रकात नुसतं "ओबीसी प्रमाणपत्र" न लिहिता "राज्य यादीनुसार" किंवा "केंद्रीय यादीनुसार" हे लिहायला हवं.

तिसरा घोळ: "विहित मुदत"

मुदत एक नसते, निदान तीन असतात. पहिली ऑनलाइन अर्ज आणि कागदपत्र तपासणीची. दुसरी, ज्यांनी आधी पावती जोडली त्यांनी मूळ प्रमाणपत्र देण्याची. जात पडताळणीच्या बाबतीत हे बऱ्याचदा घडतं: सुरुवातीला समितीकडे केलेल्या अर्जाची पावती चालते, पण प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावंच लागतं. तिसरी मुदत जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर होण्याची.

नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रावर सगळ्यात जास्त मुलं अडतात. ते विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, ओबीसी आणि एसईबीसी यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. हे प्रमाणपत्र एकाहून जास्त वर्षांसाठीही मिळू शकतं. त्यामुळे "चालू वर्षाचं प्रमाणपत्र" ही शब्दयोजना दिशाभूल करते. कधी काढलं हे महत्त्वाचं नाही, कधीपर्यंत वैध आहे हे महत्त्वाचं आहे.

खारघरच्या पत्त्यात नवी मुंबई लिहितात, पण महसुली दृष्टीने ते रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात येतं. त्यामुळे अधिवासासारख्या दाखल्यांसाठी ठाण्याला हेलपाटा मारून उपयोग नाही. बाहेरून इथे राहायला आलेल्या कुटुंबाला जातीचा दाखला आणि पडताळणी मात्र अनेकदा मूळ जिल्ह्यातूनच करावी लागते. त्यात वेळ जातो, म्हणून मुदत लवकर आणि ठळक कळायला हवी.

तिन्ही घोळ एकत्र आले की

वरची १२६ गुणांची मुलगी ओबीसी आहे असं धरू. तिचे ४२ टक्के ४० च्या वर आहेत, म्हणजे ती पात्र आहे. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, तर तिला खुल्या वर्गातली उमेदवार धरलं जातं. घरच्यांना वाटतं, राखीव जागा गेली तरी खुल्या जागेवर प्रयत्न करू. पण खुल्या वर्गाची अट ४५ टक्क्यांची आहे. तिची जागाच नाही, तर पात्रताच जाते. सीईटीत पर्सेंटाइल कितीही चांगलं असलं तरी ते भरून निघत नाही. जुन्या परिच्छेदातलं एकही वाक्य तिला हे सांगत नाही.

नव्याने लिहिलेला परिच्छेद

> कोण अर्ज करू शकतो? बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि नियमांतील यादीपैकी एक तिसरा विषय असावा. या तीन विषयांची बेरीज किमान ४५ टक्के हवी. महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के पुरेत. एमएचटी-सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण हवेत. एवढ्याने प्रवेश नक्की होत नाही.
>
> कट-ऑफ: जागा सीईटीच्या गुणवत्ता क्रमाने मिळते. मागील वर्षाचे शेवटचे पर्सेंटाइल शाखा, फेरी आणि प्रवर्गानुसार पान __ वर आहे. यंदाचे वेगळे असेल.
>
> राखीव जागा: ६० पैकी ४८ जागा कॅपमधून, १२ संस्थास्तरावर. प्रवर्गनिहाय जागांचा तक्ता पान __ वर. प्रमाणपत्रे राज्य यादीनुसार.
>
> कागदपत्रांच्या मुदती: (१) अर्ज व तपासणी: __वार, __ तारीख, __ वाजेपर्यंत. (२) पावतीऐवजी मूळ जात पडताळणी व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र: __वार, __ तारीख, __ वाजेपर्यंत. (३) कॉलेजात हजर होणे: __वार, __ तारीख, __ वाजेपर्यंत.
>
> दुसरी मुदत चुकल्यास उमेदवार खुल्या वर्गात धरला जाईल. तीन विषयांत ४५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास तो अपात्र ठरेल.

तारखा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत, कारण त्या दरवर्षी सीईटी सेल जाहीर करतं आणि अनेकदा वाढवतंही. छापताना त्या भराव्यात, "ही माहिती अमुक दिवसापर्यंतची" अशी ओळ जोडावी आणि ताज्या वेळापत्रकासाठी `cetcell.mahacet.org` हा पत्ता द्यावा.

"अंतिम निर्णय महाविद्यालयाचा राहील" हे वाक्य नव्या मजकुरात नाही. कॅपच्या जागांवर कोणाला घ्यायचं हे कॉलेज ठरवत नाही, त्यामुळे ते वाक्य लोकांना चुकीच्या दारात उभं करतं. माहितीपत्रक आणि सीईटी सेलची माहितीपुस्तिका यांत फरक निघाला, तर माहितीपुस्तिकाच ग्राह्य धरली जाते.

मजकूर जमला की नाही हे तपासायला एकच चाचणी पुरते. प्रवेशाशी संबंध नसलेल्या माणसाला तो एकदा वाचायला द्यावा आणि १२६ गुणांच्या त्या मुलीबद्दल विचारावं: आज ती पात्र आहे का, आणि प्रमाणपत्र उशिरा आलं तर? दोन्ही उत्तरं न अडखळता आली, तर परिच्छेद छापायला हरकत नाही.